प्रतिसाद: ओला स्पंज आणि कन्सॉलिडेशन

> स्लाइडवर लिहिलंय की भार टाकल्या क्षणी इफेक्टिव्ह स्ट्रेस बदलतच नाही. वजन तर ठेवलंय, मग ते गेलं कुठे?

पाण्यात. इफेक्टिव्ह स्ट्रेस म्हणजे मातीच्या कणांच्या सांगाड्यावर येणारा ताण, आणि कन्सॉलिडेशन म्हणजे पाणी हळूहळू बाहेर पडून माती दबणं. पूर्ण भिजलेला स्पंज घट्ट बसेल अशा डब्यात ठेवा आणि वरच्या झाकणाला एकच बारीक भोक पाडा. झाकणावर वजन ठेवलं की स्पंज लगेच दबत नाही, कारण पाणी दाबलं जात नाही आणि त्याला बाहेर पडायला वेळ लागतो. सुरुवातीला सगळा जादा भार पाणीच पेलतं. थेंब थेंब पाणी निघतं, तसा तो भार स्पंजच्या जाळीवर येतो आणि झाकण खाली जातं. σ' म्हणजे इफेक्टिव्ह स्ट्रेस, σ म्हणजे एकूण ताण आणि u म्हणजे मातीतल्या पाण्याचा दाब, म्हणजेच पोअर प्रेशर. σ' = σ − u एवढंच सांगतं: σ तोच, u उतरला, म्हणून σ' वाढला.

समजा, संपृक्त चिकणमातीच्या ४ मीटर थरावर ५० किलोपास्कल भार आला. पहिल्या क्षणी पोअर प्रेशर ५० ने वाढतं. खाली-वर दोन्हीकडे वाळू असेल, तर पाण्याची सर्वात लांब वाट २ मीटर. cv, म्हणजे कन्सॉलिडेशन किती वेगाने होतं ते सांगणारा गुणांक, वर्षाला २ चौरस मीटर धरला आणि ९० टक्के कन्सॉलिडेशनचा टाइम फॅक्टर ०.८४८ घेतला, तर त्याला ०.८४८ × २² ÷ २, म्हणजे साधारण १.७ वर्षं लागतात. खाली अभेद्य खडक असेल तर वाट दुप्पट आणि वेळ चौपट, जवळजवळ ६.८ वर्षं. परीक्षेत इथेच गोंधळ होतो, म्हणून आधी निचरा कुठून होतो ते बघा.

स्पंजची मर्यादाही ध्यानात ठेवा. वजन काढलं की तो पुन्हा फुगतो. चिकणमाती मात्र थोडीशीच वर येते, बाकीचं खचणं कायमचं असतं.