मदत हवी आहे : स्कॅन केलेल्या कराराची पाने अवाढव्य दिसतात, खालचा भाग कापला जातो आणि काही पाने तिरकी येतात

पाचपाखाडीकर

नमस्कार. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहतो आणि आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. संस्थेच्या जुन्या कपाटातील एक करार स्कॅन करून त्याची एकच पीडीएफ फाइल तयार करायची आहे. करार एकूण २८ पानांचा असून त्यातील २२ पाने हिरव्या लीगल कागदावर टंकलिखित आहेत आणि उरलेली सहा पाने साध्या ए-फोर कागदावरची आहेत. आमच्याकडे छपाई व स्कॅनिंग दोन्ही करणारे यंत्र आहे, त्याला वर फीडर आणि खाली काच आहे. ३०० डीपीआय आणि ए-फोर असे ठरवून सगळी पाने फीडरमधून घेतली, काही उलटी आली होती ती संगणकावर फोटो पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये फिरवून सुलटी करून पुन्हा जतन केली आणि मग सर्वांची पीडीएफ केली.

आता तीन अडचणी आहेत. पहिली, फिरवलेल्या पानांचा आकार पीडीएफमध्ये ६५.६ × ९२.८ सेंटीमीटर असा दाखवला जातो, आणि न फिरवलेली पाने मात्र बरोबर २१ × २९.७ दिसतात. दुसरी, लीगल पानांवरील सह्यांचा शेवटचा भाग आलाच नाही. तिसरी, बरीच पाने थोडी तिरकी आहेत. फिरवलेल्या एका पानाच्या चित्रावर `Properties` मध्ये पाहिले तर तेथे 96 dpi लिहिले आहे, म्हणजे यंत्राने माझे ३०० ऐकलेच नाही का?

घणसोलीचा_तंत्रज्ञ

यंत्राने ऐकले नसेल तर ६०० डीपीआयवर पुन्हा स्कॅन करा. जास्त डीपीआय घेतला की आकारही नीट येतो आणि अक्षरेही स्पष्ट येतात. आमच्या कार्यालयात शिक्के बारीक असले की आम्ही नेहमी तसेच करतो.

नौपाडा_वाचनालय

शिक्के बारीक असतील तर ६०० चा उपयोग होतो, तेवढे मान्य आहे. परंतु येथे त्याने काम बिघडेल. पाचपाखाडीकर, तुम्ही दिलेल्या ६५.६ आणि ९२.८ या आकड्यांतच उत्तर आहे, म्हणून ते नेमके लिहिल्याबद्दल आभार.

ए-फोर कागद सुमारे ८.२७ इंच रुंद व ११.६९ इंच उंच असतो. दर इंचाला ३०० ठिपके घेतले तर चित्र २४८० रुंद आणि ३५०८ उंच ठिपक्यांचे होते, आणि यंत्राने खरोखर एवढेच मोजले. चित्राच्या फाइलमध्ये ‘३००’ ही मात्र निव्वळ एक नोंद असते, जणू डब्याला चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठी निघाली म्हणून डब्यातली डाळ कमी होत नाही, पण दुकानदाराला वजन अंदाजाने सांगावे लागते. फोटोच्या प्रोग्रॅमने फाइल पुन्हा जतन करताना ती नोंद टाकून दिली, आणि पीडीएफ करणाऱ्या प्रोग्रॅमने नोंद नसेल तेव्हा घ्यायचा ठरलेला आकडा, म्हणजे ९६, गृहीत धरला. आता २४८० ला ९६ ने भागा : २५.८३ इंच, म्हणजे ६५.६ सेंटीमीटर. ३५०८ भागिले ९६ म्हणजे ३६.५४ इंच, म्हणजे ९२.८ सेंटीमीटर. `Properties` मधील ९६ देखील बहुधा असाच भरलेला आकडा आहे. तेथे डीपीआय न पाहता चित्राची रुंदी व उंची किती ठिपके आहे ते पाहा. २४८० × ३५०८ दिसले, तर स्कॅन उत्तम झालेले आहे आणि पुन्हा करण्याची गरज नाही.

६०० वर स्कॅन करून तसेच फिरवले असते, तर ठिपके दोन्ही दिशांना दुप्पट, म्हणजे एकूण चौपट झाले असते, आणि पान ६५ ऐवजी १३१ सेंटीमीटर रुंद दिसले असते.

घणसोलीचा_तंत्रज्ञ

हे मला ठाऊक नव्हते. आमच्या फायली थेट यंत्रातूनच पीडीएफ होतात, म्हणून कदाचित आम्हाला हा प्रश्न कधी आला नसावा.

पाचपाखाडीकर

पाहिले. फिरवलेल्या सर्व चित्रांचा आकार २४८० × ३५०८ आहे. मग ही चिठ्ठी परत कशी चिकटवायची? आणि सह्यांचे काय?

नौपाडा_वाचनालय

माझ्याकडे लिनक्स असल्याने मी `img2pdf` वापरतो. तो जेपेग चित्र पुन्हा न दाबता जसेच्या तसे पीडीएफमध्ये ठेवतो, आणि त्याला डीपीआय बाहेरून सांगता येतो :

```
img2pdf --imgsize 300dpi -o karar.pdf *.jpg
```

फायलींना 01, 02 अशी दोन अंकी नावे द्या, नाहीतर दहावे पान दुसऱ्याच्या आधी येते. विंडोजवर असे काही करायचे नसेल, तर मूळ स्कॅनच्या फायली घेऊन फिरवण्याचे काम स्कॅनिंगच्या प्रोग्रॅममध्येच करा. `NAPS2` हा विनामूल्य प्रोग्रॅम स्कॅन करणे, पाने फिरवणे आणि पीडीएफ करणे अशी सगळी कामे एकाच जागी करतो, त्यामुळे नोंद वाटेत गळून पडण्याची वेळ येत नाही.

सह्यांचे कारण मात्र निराळे आहे, आणि ते डीपीआयशी मुळीच संबंधित नाही. लीगल कागद ३५५.६ मिलिमीटर लांब असतो, ए-फोर २९७. तुम्ही कागदाचा आकार ए-फोर सांगितल्यामुळे यंत्राने कागद पुढे ओढला खरा, पण २९७ मिलिमीटर झाल्यावर वाचणे थांबवले. उरलेले जवळपास ६ सेंटीमीटर कोणत्याच फाइलमध्ये नाहीत, त्यामुळे ते कोणत्याही प्रोग्रॅमने परत मिळणार नाहीत. ती २२ पाने फीडरमधून पुन्हा घ्यावी लागतील, आणि त्या वेळी कागदाचा आकार लीगल निवडावा लागेल. काचेवर प्रयत्न करू नका, अशा बहुतेक यंत्रांची काच ए-फोरएवढीच असते. ए-फोर पाने वेगळ्या गठ्ठ्यात घ्या. लीगल ठरवून ए-फोर कागद घातला, तर खाली पांढरा किंवा राखाडी पट्टा लागतो.

कोपरखैरणे_ड्राफ्ट्समन

माझीही नेमकी हीच अडचण आहे. १:१०० प्रमाणातील एक जुना नकाशा फीडरमधून ३०० डीपीआयवर स्कॅन केला. पाच मीटरची भिंत पडद्यावर मोजली, तर आडवी भिंत ५० मिलिमीटर येते आणि उभी भिंत ४९.५. डीपीआयची नोंद ३०० च आहे. कोणती नोंद बदलू?

नौपाडा_वाचनालय

ड्राफ्ट्समनसाहेब, तुमची अडचण हीच नाही. तुमच्याकडे नोंद खरी असून कागद फसवत आहे. फीडरमध्ये आडव्या दिशेचे माप वाचणाऱ्या पट्टीतील ठिपक्यांच्या अंतरावर ठरते आणि ते पक्के असते. उभ्या दिशेचे माप मात्र रोलर कागद किती वेगाने पुढे सरकवतो यावर अवलंबून असते, म्हणून शेकड्याला एखादा टक्का फरक पडू शकतो. नकाशा काचेवर मावत असेल तर काचेवरच घ्या, आणि सोबत पोलादी फूटपट्टी ठेवा. १० सेंटीमीटरमध्ये ११८१ ठिपके आले, तर मापावर विश्वास ठेवता येईल. नोंद बदललीत, तर उभे माप जुळेल आणि आडवे बिघडेल.

कोपरखैरणे_ड्राफ्ट्समन

नकाशा काचेपेक्षा मोठा आहे, हाच तर प्रश्न आहे. दोन भागांत घेऊन जोडावा का?

खारघर_मावशी

आमच्या घरी नातवाने मोबाइलवर फोटो काढून करार पाठवला होता, तेव्हा पान वर अरुंद आणि खाली रुंद आले होते. तेव्हा दुकानातून झेरॉक्स काढूनच पुढे काम केले. तुम्हीही तसेच करून पाहावे.

नौपाडा_वाचनालय

मावशी, मोबाइल तिरका धरल्यावर पानाचा जो आकार होतो तो पान फिरवून सुधारत नाही, त्यासाठी चारही कोपरे ओढावे लागतात. पाचपाखाडीकरांच्या पानांत तसे नसावे, ती केवळ वळलेली असावीत. पाचपाखाडीकर, समासाची रेघ स्कॅनच्या चित्राच्या कडेपासून वर किती अंतरावर आहे आणि खाली किती, ते पडद्यावर मोजून सांगाल का?

पाचपाखाडीकर

लीगल पाने आज पुन्हा घेतली आणि सह्या आल्या. एका पानावर रेघ वर १२ मिलिमीटरवर आणि खाली १८ मिलिमीटरवर आहे.

नौपाडा_वाचनालय

३५६ मध्ये ६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक अंश. टंकलिखित ओळींमध्ये एवढा तिरकेपणा डोळ्याला लगेच जाणवतो. आता कारण शोधण्यासाठी तोच एक कागद फीडरमधून तीन वेळा घ्या. तिन्ही वेळा तिरकेपणा निरनिराळा आला, तर फीडरच्या कडेच्या पट्ट्या सैल आहेत किंवा रोलर घसरतो आहे. पट्ट्या कागदाला नुसत्या टेकतील एवढ्याच जवळ आणा, फार दाबल्यास कागद मध्ये फुगतो. रोलर किंचित ओल्या, पण पाणी न गळणाऱ्या फडक्याने पुसा. तिन्ही वेळा तिरकेपणा सारखाच आला, तर एक नवा छापलेला ए-फोर कागद घालून पाहा. तो सरळ आला, तर दोष तुमच्या जुन्या कागदातच आहे.

प्रोग्रॅमने सरळ करण्याचा पर्याय आहेच (`NAPS2` मध्ये `Deskew`), पण मी तो शेवटी ठेवतो. पान फिरवताना प्रत्येक ठिपका नव्याने मांडावा लागतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा किंचित मऊ होतात, आणि तिरका मारलेला मोठा शिक्का असला तर प्रोग्रॅम कधीकधी त्यालाच ओळ समजतो.

पाचपाखाडीकर

पट्ट्या जवळ आणून रोलर पुसल्यावर १७ पाने सरळ आली. उरलेल्या पाच पानांत तिरकेपणा दर वेळी तेवढाच येतो, नवा कागद मात्र सरळ जातो. कागद हातात घेऊन पाहिला तर त्याच्या दोन्ही कडा समांतर आहेत. टंकलेखकानेच कागद वाकडा लावलेला दिसतो! बरे, ज्या कार्यालयात हे सादर करायचे आहे, ते सर्व पाने ए-फोरच मागत आहे. लीगल पानांचे काय करू?

घणसोलीचा_तंत्रज्ञ

मग आकार ए-फोर करून परत स्कॅन करा.

नौपाडा_वाचनालय

नको, सह्या पुन्हा जातील. लीगल स्कॅन तसाच ठेवा आणि पीडीएफ करताना पान ए-फोरमध्ये बसवा. उंची ३५५.६ ची २९७ होते, म्हणजे सगळे ८३.५ टक्क्यांवर येते आणि दोन्ही बाजूंना सुमारे दीड सेंटीमीटर कोरी जागा राहते. टंकलिखित अक्षर तेवढे लहान झाले तरी वाचता येते. मूळ लीगल आकाराची एक प्रत संस्थेकडे वेगळी जपा, कारण ए-फोरच्या प्रतीवर कोणी पट्टी लावून माप घेतले तर ते चुकेल. ती पाच वाकडी पाने मी असतो तर तशीच ठेवली असती, पण तुमच्या कार्यालयाला ती चालतील की नाही, हे त्यांनाच विचारा.

कोपरखैरणे_ड्राफ्ट्समन

माझ्या दोन भागांच्या नकाशाचे कोणी सांगेल का? जोडताना दोन्ही भागांत सामाईक अशी किती जागा ठेवावी?