अनुभव धागा: दोन विभाग एक झाले, त्या दिवशी साहेब काय बोलले?

धागा मांडणारी, सातपूर

आमच्या कारखान्यात पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून इनवर्ड तपासणी आणि लाइन तपासणी हे दोन विभाग एक होत आहेत. एकत्र विभाग माझ्याकडे आला आहे आणि पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर मला बोलायचं आहे. इनवर्डला सात माणसं, लाइनवर तिन्ही पाळ्या मिळून चाळीसच्या आसपास. माल खराब निघाला की लाइनवाले म्हणणार, "इनवर्डने पास केलाच कसा?" आणि इनवर्डवाले म्हणणार, "मशीनवर तुम्हीच वाट लावली." हे सगळे आता एका मस्टरवर येणार.

भाषण कसं करावं याचे सल्ले पुष्कळ मिळाले, मला अनुभव हवे आहेत. तुमच्याकडे असं झालं तेव्हा विभागप्रमुख नेमकं काय बोलले, ऐकताना काय वाटलं आणि नंतर चहाला लोक एकमेकांना काय विचारत होते? कंपनीचं नाव मात्र नको.

टूलरूमवाले काका, अंबड (निवृत्त)

ताई, मी प्रेस शॉपला टूलरूमचा फोरमन होतो. आमची टूलरूम आणि मेंटेनन्स एक केली, त्या दिवशीचं भाषण मला अजून आठवतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं भांडण एका गोष्टीवरून असायचं. पत्र्याच्या भागाला सगळीकडून सारखी बर, म्हणजे कापलेल्या कडेला धारदार कोर, येत असेल तर पंच बोथट झालाय, काम टूलरूमचं, त्यावर वाद नाही. पण बर एकाच बाजूने आली की पंच डायमध्ये मधोमध जात नाही, एका अंगाला सरकतोय. त्याची कारणं दोन असू शकतात. डायच्या गाइड पिलरचे बुश झिजलेले असतात, किंवा प्रेसच्या रॅमच्या गिब सैल होऊन रॅमच कलतो. आम्ही म्हणायचो रॅम, ते म्हणायचे डाय. मग डाय उतरवायची, टूलरूममध्ये न्यायची, ग्राइंडिंग करून परत चढवायची, आणि बर तिथेच. स्लिपा दोन, सह्या दोन, पाळी वाया.

नवे साहेब मेंटेनन्सचे होते. आमची सगळी टूलरूम तोंड पाडून उभी होती, आता आपलं काही खरं नाही म्हणून. साहेबांनी कॉन्फरन्स हॉल घेतला नाही. पाळी बदलायच्या वेळी, दोन्ही पाळ्या हजर असताना, प्रेस बंद ठेवून शॉपमध्येच बोलले. हातात एका बाजूने बर आलेला तुकडा होता. म्हणाले, "याच्यासाठी डाय परत परत उतरवली. चूक कुणाची हे मी आज विचारणार नाही, मलाही माहीत नाही. उद्यापासून एका बाजूने बर आली की डाय उतरवायच्या आधी बोल्स्टरवर गुण्या उभा करायचा, रॅमला डायल लावायचा आणि रॅम हळूहळू खाली घेताना काटा किती हलतो ते बघायचं. टूलरूमचा एक, मेंटेनन्सचा एक, दोघांनी शेजारी उभं राहून. काटा ठरल्यापेक्षा जास्त हलला तर आधी गिब बघू, नाही हलला तर डाय उतरवू. स्लिप एकच, सही दोघांची."

तो तुकडा त्यांनी आमच्यात फिरवला. प्रत्येकाने बोटाने बर चाचपून पाहिली. मेंटेनन्सच्या पोरांपैकी काहींनी तर ती पहिल्यांदाच हातात घेतली असेल, कारण तोवर त्यांच्याकडे फक्त स्लिप जायची.

मग बाकीचं चार वाक्यांत. रजेवर सही कोण करणार ते नाव घेऊन सांगितलं. पाळी, ओव्हरटाइम, ग्रेड, तिकीट नंबर आहे तेच राहणार म्हणाले. रात्रपाळीला दोन्हीकडचं कुणीतरी एकच इन्चार्ज लागणार होतं, ते अजून ठरलेलं नाही, 15 तारखेला सांगतो, असंही त्यांनी सांगून टाकलं. 15 ला ते ठरलं नव्हतं. तरी साहेब त्याच जागी येऊन उभे राहिले, "ठरलं नाही, कारण असं असं आहे" म्हणाले आणि पुढची तारीख दिली. आमच्या लोकांचा विश्वास बसला तो त्या 15 तारखेला, भाषणाच्या दिवशी नाही.

सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. गेजच्या कपाटाची किल्ली कुणाकडे राहायची, यावरून कुरबूर बरेच दिवस चालली.

सूत्रसंचालिका, नाशिकरोड

ताई, अशा कार्यक्रमांचं सूत्रसंचालन मी नेहमी करते. दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा परिचय, मग प्रमुखांचं मनोगत, शेवटी आभार, असा क्रम ठेवा. मनोगताआधी चार ओळींची छोटी कविता घेतली की वातावरण हलकं होतं. संहिता हवी असेल तर लिहून देईन.

एक मात्र बघितलेलं सांगते. एका कार्यालयात परीक्षा विभाग आणि लेखा विभाग एक झाले. दोन प्रमुखांपैकी एक वर राहिले, दुसऱ्या मॅडमना दुसरीकडे नेमणूक मिळाली. त्या मॅडमचा सत्कार कार्यक्रमाच्या अगदी शेवटी होता. तोवर स्टाफ बसची वेळ झाली आणि त्यांच्याच विभागाचे लोक पर्सा आवरत उठायला लागले. शाल घेताना समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. नंतर कितीतरी महिने त्या विभागातले लोक हेच बोलत होते, नव्या प्रमुखांचं भाषण कुणाला आठवत नव्हतं. सत्कार आधी घ्या, भाषण नंतर.

धागा मांडणारी

ताई, सूत्रसंचालन नसणार आहे, उभ्या उभ्याच बोलायचं आहे. पण सत्काराचं लक्षातच आलं नव्हतं. इनवर्डचे साहेब पुण्याच्या प्लांटला जात आहेत. त्यांच्याविषयी मी आधीच बोलेन, आणि तेही त्यांच्या माणसांसमोर.

परिचारिका, मुंबई नाका

आमच्याकडे सर्जरीचा आणि ऑर्थोचा पुरुष वॉर्ड एक केला. मोठ्या मॅडमनी फार सुंदर भाषण केलं, सेवाभाव, एकदिलाने काम वगैरे. आम्ही सगळ्या मनात एकच विचारत होतो, नाइटला कोण? ऑर्थोला ट्रॅक्शन लावलेले पेशंट असतात. वजन लोंबतं राहिलं पाहिजे, पलंगाला टेकलं की ओढच राहत नाही. ते सर्जरीच्या सिस्टरला रोज बघायची सवय नाही. उलट ड्रेनमध्ये किती आलं, कोणत्या रंगाचं आलं, हे बघायला ऑर्थोच्या सिस्टरची नजर बसलेली नसते. मध्यरात्री विचारायचं कुणाला?

संध्याकाळी आमच्या इन्चार्ज सिस्टर हँडओव्हरच्या वेळी बोलल्या, जेमतेम पाच मिनिटं. "पहिला महिनाभर प्रत्येक नाइटला दोन्ही वॉर्डांची एकेक. एकटी कुणी राहणार नाही. ऑफ माझ्याकडे मागायचा, दोन्हीकडच्यांनी, एकाच वहीत." झालं. माझ्यासाठी स्वागताचं भाषण तेच.

युनियनचं काम बघणारा, गोंदे

मॅडम, आधी 21 दिवसांची नोटीस निघाली का ते बघा. नोटिशीशिवाय दोन विभाग एक करताच येत नाहीत. आमच्याकडे साहेबांनी भाषणातच नवी पाळी जाहीर केली. आम्ही तिथेच हरकत घेतली आणि ते मागे घ्यावं लागलं. तुम्हीही भाषण पुढे ढकला.

कामगार कायद्याचं काम करणारा, कॉलेज रोड

दादा, तुमच्या पाळीच्या बाबतीत तुम्ही बरोबर होता, बाकी अर्धंच बरोबर आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 9 अ होतं. पगार, कामाचे तास, पाळी, ग्रेड अशा यादीतल्या सेवाशर्ती बदलायच्या तर 21 दिवस आधी नोटीस द्यायची. औद्योगिक संबंध संहिता, 2020 आली तरी ही तरतूद राहिली आहे. पण नुसतं वरिष्ठ बदलले किंवा विभागाची पाटी बदलली, तर त्याला ही नोटीस लागतेच असं नाही. आणि ती कामगारांसाठी आहे, व्यवस्थापकांसाठी नाही.

म्हणून ताई, भाषणाआधी एचआरला एवढंच विचारा की कुणाची पाळी, तास किंवा ग्रेड बदलतेय का, आणि एखाद्या विभागातली माणसं कमी होतायत का. होत असेल तर ते भाषणात ओघात बोलून टाकू नका, त्याचा रस्ता वेगळा आहे. होत नसेल तर "हे बदलत नाही" असं स्पष्ट सांगा. पण ते एचआरने लेखी दिल्यावरच.

युनियनचं काम बघणारा, गोंदे

साहेब, कागदावर पाटीच बदलते आणि सहा महिन्यांनी माणसं कमी होतात, हे आम्ही बघितलंय. त्यामुळे नोटीस मागण्यात तोटा नाही, असं माझं मत आहे.

ज्युनिअर इंजिनिअर, सिन्नर

काकांचा तुकडा फिरवण्याचा प्रकार वाचला आणि माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितोय. आमचा विभाग पाच जणांचा, तो मोठ्या विभागात घातला. नव्या प्रमुखांनीही भाषणात एक रिजेक्ट झालेला भाग दाखवला. त्यावर आमचा शिक्का होता, पहिल्या रांगेतूनही दिसत होता. नाव कुणाचं घेतलं नाही, पण पस्तीस माणसं वळून आमच्याकडे बघायला लागली. पुढे "आपण सगळे एक" वगैरे ते काय बोलले, आमच्यापैकी कुणी ऐकलंच नाही. माझा सहकारी त्याच महिन्यात दुसरीकडे मुलाखत देऊन आला.

त्यामुळे मी म्हणेन, पहिल्या दिवशी खराब माल दाखवूच नका.

टूलरूमवाले काका, अंबड

बाळा, तुझं खरं आहे. आमच्या तुकड्यात दोष कुणाचा हे कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून तो दाखवता आला. शिवाय साहेब मेंटेनन्सचे आणि तुकड्यावरून बोलणी खाल्लेली आम्ही, तरी त्यांनी आधी रॅमला, म्हणजे स्वतःच्या बाजूला, डायल लावायला सांगितला. शिक्का असलेला भाग मीही दाखवला नसता. पण काहीच दाखवायचं नाही हेही मला पटत नाही. मग भांडण होतं कशावरून ते बोलायचं कसं?

धागा मांडणारी

काका, आमच्याकडेही तसाच एक प्रकार आहे. ओतीव भाग मशीनिंगला गेल्यावर आत पोकळी उघडी पडते. इनवर्डला ती बाहेरून दिसूच शकत नाही, आणि ती मशीनवर तयारही होत नाही. ती ओतकामातच राहिलेली असते, म्हणजे पुरवठादाराकडे. तरी आमचे दोन्ही विभाग एकमेकांवर लिहितात. मी तो भाग दाखवेन. इनवर्डचा एक आणि लाइनचा एक, दोघांनी मिळून एकच रिजेक्शन नोट करायची आणि ती थेट पुरवठादाराला जाईल, हे त्याच वेळी सांगेन. ज्यावर कुणाचा शिक्का आहे असा भाग घेणार नाही.

रजेची सही, ऑफची वही आणि न ठरलेल्या गोष्टीची तारीख, हे तीन मुद्दे घेतले. एचआरकडून लेखी मागितलं आहे. अडलंय ते रात्रपाळीपाशी. दुपारी बोलले तर पहिल्या दोन पाळ्या भेटतात, रात्रवाल्यांना भाषणासाठी दुपारी बोलवायचं का?

परिचारिका, मुंबई नाका

नका बोलवू. नाइट करून झोपलेल्या माणसाला दुपारी उठवून आणलं की तो पेंगत ऐकतो आणि रात्री परत ड्यूटी असतेच. तुम्हीच त्यांच्या पाळीला जा, आणि दुपारी सांगितलं तेवढंच, त्याच क्रमाने सांगा. पाळीगणिक एक वाक्य जरी कमीजास्त झालं तरी सकाळी हँडओव्हरला त्याचीच चर्चा होते.

ज्युनिअर इंजिनिअर, सिन्नर

आणि मॅडम, झाल्यावर इथे लिहा. त्या सात जणांपैकी एखाद्याने काय विचारलं, ते वाचायला मला आवडेल.