‘फेरा’ म्हणावं की ‘चक्र’? (आणि यमाताराजभानसलगं)

मेधा_क: एका लेखाचं मराठीकरण करतेय. काही बिंदू बाणांनी जोडलेले आहेत. प्रत्येक बाणावरून एकदाच जायचं, एकही बाण सोडायचा नाही आणि निघालो त्याच बिंदूला परतायचं. बिंदू पुन्हा लागला तरी हरकत नाही. याला ‘ऑयलरचं चक्र’ लिहिलं तर चालेल? पुढे लेखक यातूनच ० आणि १ ची एक गोल माळ काढतो, ज्यात तीन-तीन अंकांचे सगळे गट सापडतात. तो सांधा मला नीट कळला नाही.

आडवळण: ‘चक्र’ नको. चक्रात बिंदूही पुन्हा येत नाही असं वाचक धरून चालतो. ‘बंद फेरा’ लिहा. आणि असा फेरा केव्हा निघतो ते सोपं आहे: प्रत्येक बिंदूपाशी सम संख्येने रेघा हव्यात.

जुना_मास्तर: ती अट बिनबाणांच्या रेघांची, आडवळणराव. बाण आले की सम-विषम पाहून भागत नाही. एखाद्या बिंदूत दोन बाण शिरतात आणि एकही निघत नाही असं समजा. संख्या सम आहे, पण तिथे गेलेला माणूस अडकला! इथे प्रत्येक बिंदूपाशी येणारे बाण आणि जाणारे बाण सारखे हवेत, शिवाय सगळे बाण एकाच जोडलेल्या तुकड्यात हवेत.

मेधाताई, सांधा असा आहे. बिंदू चार घ्या: ००, ०१, १०, ११. बाण म्हणजे तीन अंकांचा गट. ०११ हा बाण पहिल्या दोन अंकांच्या बिंदूतून, म्हणजे ०१ मधून निघतो आणि शेवटच्या दोन अंकांच्या बिंदूत, ११ मध्ये पोचतो. गट ८, म्हणून बाण ८. प्रत्येक बिंदूतून दोन निघतात, दोन येतात, तेव्हा फेरा असणारच.

आता तो काढू. ०० पासून निघा: ००१, ०१०, १००, ०००. परत ०० वर आलो, आणि इथून निघणारे दोन्ही बाण संपले. पण ०११, १११, ११०, १०१ हे चार राहिले. नवशिके इथे सगळं खोडून पुन्हा सुरू करतात. तसं करायचं कारण नाही. उरलेल्या चौघांचा ०१ पासून ०१ पर्यंत आपला वेगळा फेरा होतो. पहिल्या फेऱ्यात ०१ वर पोचलात की तो मध्ये घालून घ्या:

००१, ०११, १११, ११०, १०१, ०१०, १००, ०००

प्रत्येकाचा शेवटचा अंक उचला: १११०१०००. ही तुमची माळ.

गणमात्रा: थांबा, ही तर आमच्या ओळखीची आहे! लघु म्हणजे ० आणि गुरू म्हणजे १ धरा, ‘यमाताराजभानसलगं’ होतं ०१११०१०००१. यमाता ०११, मातारा १११, ताराज ११०, असे आठही गण. वृत्तं शिकताना घोकलं होतं, त्यात हे दडलंय हे माहीत नव्हतं. पण अक्षरं १० आहेत, तुमच्या माळेत ८ कशी?

जुना_मास्तर: सुरेख उदाहरण. पहिली आठ अक्षरं गोल मांडली तर तुमची ही माळ तीच आहे, फक्त सुरुवात दुसरीकडून. ओळीत लिहिताना मात्र शेवटच्या दोन गणांसाठी सुरुवातीचे लघु-गुरू पुन्हा लागतात. ‘लगं’ तेवढ्यासाठीच. गट n अंकांचे असतील तर n−१ अंक जास्त लिहावे लागतात.

चावीवाला: म्हणजे माझ्या पेटीच्या चार आकडी कुलुपाचा आकडा विसरलोय, ते याने उघडेल? चाळीस हजार बटणं दाबायची तयारी नाही.

जुना_मास्तर: कुलूप फक्त शेवटचे चार आकडे पाहत असेल तर जास्तीत जास्त १०,००३ दाबांत उघडेल. दर चार आकड्यांनंतर ते आधीचं पुसत असेल किंवा वेगळं बटण मागत असेल, तर माळेचा काडीचा उपयोग नाही. आधी ते पाहा.

आडवळण: सम-विषमाचं मान्य. पण तीन अंकी गटांनाच बिंदू केलं तर? प्रत्येक बिंदू एकदा, मग मेधाताईंचं ‘चक्र’ बरोबरच ठरतं की!

जुना_मास्तर: ठरतं, माळही तीच मिळते. पण प्रत्येक *बिंदू* एकदा घेणारी वाट सर्वसाधारण आलेखात शोधणं भलतंच अवघड असतं, तर प्रत्येक *बाण* एकदा घेणारी वरच्यासारखी जोडत नेता येते. गटांना बिंदूंऐवजी बाण करण्यातली सगळी गंमत तीच. तीन अंकांसाठी अशा माळा दोनच आहेत, ही आणि हिचीच उलटी. चार अंकांसाठी १६, पाचांसाठी २०४८. माळेला डी ब्रॉइन यांचं नाव १९४६ च्या लेखामुळे लागलं, मोजणी मात्र सांत-मारी यांनी १८९४ मध्येच केली होती.

मेधा_क: मग फेऱ्याला ‘ऑयलरचा बंद फेरा’ ठेवते. माळेला ‘क्रम’ लिहावं की ‘माळ’च?

गणमात्रा: ‘क्रम’ला सुरुवात-शेवट असतो, माळेला नाही.

आडवळण: गणिताच्या लेखात ‘माळ’ वाचून लोक हसतील. ‘चक्रीय क्रम’ लिहा.