चर्चा: ब्रोकरच्या संदेशांत न लिहिलेली दलाली कशी ओळखावी?

नवी भाडेकरू: भाड्याच्या फ्लॅटसाठी चार दिवस एका ब्रोकरशी माझे संदेश चालू आहेत. त्याने दलालीचा आकडा एकदाही लिहिलेला नाही आणि मीही विचारलेला नाही. त्याचे संदेश क्रमाने देते.

1. «मॅडम, भाडं 24, मेंटेनन्स त्यातच. डिपॉझिट तीन महिने.»
2. «बाकीचं बसून करू, नेहमीप्रमाणेच असतं.»
3. «फ्लॅट माझ्या मित्राकडे आहे, साइड बाय साइड.»
4. «मालकांना थेट फोन करू नका, मी आहे ना.»
5. «अ‍ॅग्रीमेंटचं सगळं मीच बघतो, एकत्रच होऊन जाईल.»
6. «आज टोकन टाका, दोन पार्ट्या रांगेत आहेत.»

यातून त्याची अपेक्षा किती आहे हे कळू शकते का? आणि त्याने लिहिलेच नसेल, तर मी देणे लागते का?

रोखठोक: देणे लागत नाही. ज्याला पैसे हवे आहेत त्याने आकडा सांगायचा असतो. ओळींच्या मधले अर्थ वाचण्याचे काम ग्राहकाचे नाही, आणि आपण ते करू लागलो की ब्रोकरच्या मौनाला आपणच करार मानू लागतो. आपण गप्प राहावे आणि त्याने शेवटी मागितलेच, तर कुठे लिहिले आहे ते दाखवायला सांगावे.

पूर्वीचा ब्रोकर: मी बारा वर्षे हा व्यवसाय केला, म्हणून रोखठोक यांच्याशी असहमत आहे. तत्त्व म्हणून त्यांचे म्हणणे ठीक असेल, पण ही मागणी नेहमी किल्ली ब्रोकरच्या हातात असताना आणि आपले सामान टेम्पोत चढलेले असताना येते. त्या वेळी कुठे लिहिले आहे असे विचारण्याची ताकद फार थोड्यांत उरते.

हे संदेश वाचताना मी एकच गोष्ट पाहीन, ती म्हणजे कोणत्या रकमेपुढे आकडा आहे आणि कोणत्या रकमेपुढे नाही. भाड्याला आकडा आहे, डिपॉझिटला आहे. जे पैसे मालकाकडे जायचे आहेत ते सारे स्पष्ट लिहिले आहेत; ज्यांत ब्रोकरचा वाटा आहे ते मात्र «बाकीचं», «नेहमीप्रमाणे» आणि «एकत्रच» या तीन शब्दांत बसवले आहेत. «नेहमीप्रमाणे» हा तर आम्ही मुद्दाम वापरत असू, कारण समोरचा माणूस त्यात स्वतःच्या मनातला कमी आकडा भरतो, आम्ही आमचा भरतो आणि दोघेही खूश राहतात, निदान किल्ली मिळेपर्यंत.

पहिल्या संदेशातली खोच पाहा. मेंटेनन्स भाड्यातच आहे हे ऐकायला सोयीचे वाटते. समजा, त्या 24 हजारांत मेंटेनन्स 3 हजार आहे. दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी ठरली, तर ती 21 वर धरायची की 24 वर, हा प्रश्न उभा राहतो. ब्रोकर 24 वरच धरणार.

हिशेबी: एवढे खोलात जाण्याचे कारण नाही. «साइड बाय साइड» याचा अर्थ तो मालकाकडूनही घेणार आणि तुमच्याकडूनही घेणार. मग निम्मी दलाली मालक देत असल्याने तुमच्या वाट्याला 12 हजार येतील. तेवढे बाजूला काढून ठेवा.

पूर्वीचा ब्रोकर: दोन्ही बाजूंकडून पैसे जातात, इतके बरोबर आहे; वाटणी मात्र तशी नसते. फ्लॅट दुसऱ्या ब्रोकरकडे आहे. साइड बाय साइड म्हणजे प्रत्येकाने आपापल्या पार्टीकडून पूर्ण घ्यायचे आणि एकमेकांत वाटायचे नाही. मालकाने त्याच्या ब्रोकरला काहीही दिले, तरी त्यातला एक पैसाही या बाईंच्या ब्रोकरला मिळणार नाही. म्हणून तिसरा संदेश खरे तर असे सांगतो की माझी संपूर्ण कमाई तुमच्याकडूनच व्हायची आहे आणि घासाघीस झाली तर मी फारसा खाली येणार नाही. माझा अंदाज 24 हजारांचा आहे, त्यात अ‍ॅग्रीमेंटवरचे थोडे मार्जिन वेगळे.

पाचव्या संदेशातला «एकत्रच» त्यासाठीच आहे. अ‍ॅग्रीमेंटचा प्रत्यक्ष खर्च आणि ते करून देण्याचा मोबदला एका रकमेत आले की त्यांतला दुसरा भाग दिसेनासा होतो. पावत्यांप्रमाणे हिशेब मिळेल का, असे विचारले की तो भाग आपोआप वेगळा होतो.

घरमालक: माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. माझ्या फ्लॅटसाठी आलेल्या ब्रोकरने मला अगदी गोड शब्दांत लिहिले होते, «तुमच्याकडून काही नको, फक्त पुढच्या वेळी मलाच सांगा.» मुदत संपल्यावर त्याच भाडेकरूने राहायचे ठरवले, तेव्हा या गृहस्थांनी नूतनीकरणाची म्हणून अर्धी दलाली त्याच्याकडे मागितली. मला ते भाडेकरूकडूनच कळले. त्यामुळे चौथा संदेश मला सर्वांत जास्त खटकतो. मालक आणि भाडेकरू एकदा बोलले की कोणाला काय सांगितले आहे ते जुळवून पाहता येते.

पूर्वीचा ब्रोकर: चौथ्या संदेशाबाबत थोडे ब्रोकरच्या बाजूनेही बोलतो. जागा दाखवल्यावर दोघे परस्पर व्यवहार करून मोकळे होतात, हा आमचा रोजचा अनुभव होता. तो संदेश लबाडीचा असेलच असे नाही, तो भीतीचाही असतो. नूतनीकरणाचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो माझ्याकडून सुटला होता.

सावध: मूळ प्रश्न डिपॉझिट परत मिळण्याचा आहे ना? आत जाताना भिंतींचे फोटो काढून ठेवा.

नवी भाडेकरू: डिपॉझिटचा प्रश्न नव्हता, तरी फोटो काढीन. काल रात्री मी ब्रोकरला एकच संदेश लिहिला: «टोकन देण्याआधी लिहून कळवा: तुमची दलाली किती आणि कोणत्या रकमेवर, ती कधी द्यायची, अ‍ॅग्रीमेंटचा खर्च त्यात की वेगळा, मुदत वाढवल्यास पुन्हा काही द्यायचे का, आणि मालकांनी नकार दिल्यास टोकन परत मिळेल का.»

आधी त्याने फोन केला. मी तो उचलला नाही आणि लिहूनच कळवा असे उत्तर दिले. तासाभराने संदेश आला: «24 माझे. अ‍ॅग्रीमेंटचे वेगळे, पावतीप्रमाणे. टोकन मालक नाही म्हणाले तर परत.» मेंटेनन्स 2 हजार आहे असे त्यानेच नंतर सांगितले, म्हणून मी दलाली 22 वर धरण्याची विनंती केली आणि अ‍ॅग्रीमेंटवर सही झाल्यावर देईन असे लिहिले. 22 ला तो तयार झाला. मुदतवाढीच्या प्रश्नाला उत्तर नाही, दोनदा विचारूनही नाही.

रोखठोक: म्हणजे शेवटी विचारल्यानेच कळले, वाचल्याने नाही. माझे म्हणणे तेच होते.

पूर्वीचा ब्रोकर: आपले म्हणणे गप्प राहण्याचे होते. आणि काय विचारायचे हे त्यांना संदेश वाचूनच सुचले. मुदतवाढीबद्दल तो अजूनही बोलत नाही, याचा अर्थ त्या पैशांवर त्याचा डोळा आहे. बाईंनी आता त्याच्या उत्तराची वाट पाहू नये, स्वतःच लिहावे: «मुदतवाढीला दलाली नाही असे धरून टोकन देत आहे.» पटत नसेल, तर टोकन घेण्याआधी तो बोलेल.

रोखठोक: आणि टोकन घेऊनही तो गप्पच राहिला, तर? एका बाजूने लिहिलेले वाक्य दुसऱ्याला बांधते, असे आपण कशावरून म्हणता?

घरमालक: माझ्या भाडेकरूने असेच लिहून ठेवले होते. वाद झालाच, पण अर्धी दलाली त्याला द्यावी लागली नाही. तो ब्रोकर मात्र आता माझे फोन घेत नाही.