मदत हवी आहे: राज्यसभेनं विधेयक नाकारलं तर पुढे काय? (अकरावी, उद्या सकाळी तास आहे)

तासिकावाली:
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. मी मूळची मराठीची, आमच्या कॉलेजच्या राज्यशास्त्राच्या मॅडम रजेवर आहेत म्हणून त्यांचे तास माझ्या गळ्यात पडलेत. आज फळ्यावर छान बाणबिण काढून विधेयकाचा प्रवास दाखवला, मांडणी, चर्चा, मतदान, दुसरं सभागृह, राष्ट्रपतींची सही. तर मागच्या बाकावरचा एक म्हणाला की मॅडम राज्यसभा नाही म्हणाली तर? मी म्हटलं संयुक्त बैठक. तो म्हणतो मग तिथे लोकसभाच जिंकणार ना, माणसं जास्त त्यांची, मग राज्यसभेनं नाही म्हणायचंच कशाला? मला उत्तर सुचेना, घंटेने वाचवलं. आता पुस्तक काढून बसलेय तर माझं उदाहरणच नीट बसत नाहीये. उद्या ७:४० ला तास आहे, कोणीतरी सांगा प्लीज.

वऱ्हाडी_ठेचा:
उदाहरण कोणतं घेतलंय ते तर सांगा. आणि विधेयक आधी कोणत्या सभागृहात मांडलं होतं?

निवांत_पेन्शनर:
सोपं आहे हो. वरचं सभागृह तीन महिने अडवू शकतं, खालच्यानं परत पास करून पाठवलं की आणखी एक महिना, मग झालं पास. संयुक्त बैठक वगैरे भानगडच नाही. मंत्रालयात ३१ वर्षं काढलीत, विधानपरिषदेचं कामकाज जवळून बघितलंय.

वऱ्हाडी_ठेचा:
काका, ते आपल्या विधानपरिषदेचं झालं. ताई संसदेचं विचारतायत.

निवांत_पेन्शनर:
दोन सभागृहं म्हणजे दोन सभागृहं. तत्त्व तेच.

वऱ्हाडी_ठेचा:
तत्त्व तेच असतं तर संसदेत संयुक्त बैठक आणि राज्यात नाही असं कशाला ठेवलं असतं?

आईची_धावपळ:
अकरावीचा विषय निघालाच आहे तर विचारते, माझी मुलगी आर्ट्स घ्यायचं म्हणतेय, राज्यशास्त्राला मार्क पडतात का? सगळे म्हणतात पाठांतर फार आहे.

तासिकावाली:
उदाहरण महिला आरक्षणाचं, २०२३ चं. पोरांना माहीत असतं म्हणून तेच घेतलं. लोकसभा ४५४ विरुद्ध २ असं लिहिलं, आणि राज्यसभेच्या चौकटीत "समजा नाकारलं" असं लिहून खाली संयुक्त बैठकीला बाण काढला.

कलमकसाई:
घ्या, इथे पाणी मुरतंय. पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना ताई.

ते घटनादुरुस्तीचं विधेयक आहे, त्याला संयुक्त बैठक नसतेच. दोन्ही सभागृहांनी आपापलं, वेगवेगळं पास करायचं, तेही साध्या बहुमताने नाही. एकूण सदस्यांच्या निम्म्यापेक्षा जास्त मतं लागतात, आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, दोन्ही अटी एकदम. तुमचेच आकडे घ्या. लोकसभेत ५४३ जागा, म्हणजे निदान २७२ हवेत. मतं पडली ४५६, त्यांचे दोन तृतीयांश ३०४. ४५४ दोन्हीच्या वर आहेत म्हणून सुटलं. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ विरुद्ध ० झालं. तिथे नाकारलं गेलं असतं तर विधेयक तिथेच संपलं असतं, तुमच्या बाणाला पुढे जागाच नाही.

आणि उलटंही झालंय, याच विषयावर. २०१० मध्ये राज्यसभेनं १८६ विरुद्ध १ असं पास केलं, लोकसभेनं ते कधी मतदानाला घेतलंच नाही, आणि २०१४ ला लोकसभा बरखास्त झाली तेव्हा विधेयकही गेलं. नकार द्यायला मतदानच लागतं असं नाही.

तासिकावाली:
अरे देवा. म्हणजे आख्खा फळा चुकला.

कलमकसाई:
आख्खा नाही, फक्त शेवटचा बाण. वरचं सगळं ठेवा, एका सभागृहात मांडणी, मग सर्वसाधारण चर्चा, मग एकेका कलमावर मतदान (दुरुस्त्या इथेच घुसतात), मग पूर्ण विधेयकावर मतदान, आणि हाच सगळा फेरा दुसऱ्या सभागृहात. फक्त उदाहरण बदला, पोटा घ्या.

२००२ चा मार्च. दहशतवादाविरुद्धचं ते विधेयक १८ तारखेला लोकसभेत पास झालं, कारण तिथे वाजपेयी सरकारकडे बहुमत होतं. राज्यसभेत नव्हतं, तिथे २१ तारखेला ९८ विरुद्ध ११३ नं पडलं. मग संयुक्त बैठक बोलावली, २६ तारखेला सगळे सेंट्रल हॉलमध्ये. मतं पडली ७२१, साधं बहुमत म्हणजे ३६१ हवीत, बाजूनं पडली ४२५, विरोधात २९६. झालं मंजूर. आठवडाभरात सगळा खेळ, फळ्यावर तीन तारखा लिहिल्या की मुलांना कळतं.

निवांत_पेन्शनर:
त्या बैठकीला अध्यक्ष आपले मनोहर जोशी सर होते. मराठी माणूस त्या खुर्चीवर होता हे मुलांना आवर्जून सांगा.

कलमकसाई:
जोशी सर अध्यक्ष झाले मे महिन्यात काका. संयुक्त बैठकीला लोकसभेचे अध्यक्ष बसतात हे बरोबर, पण बालयोगी त्याच मार्चच्या सुरुवातीला हेलिकॉप्टर अपघातात गेले होते, म्हणून उपाध्यक्ष पी. एम. सईद बसले.

निवांत_पेन्शनर:
असेल. वर्ष तर तेच ना.

गल्लीतला_गंगाधर:
बाकी सगळं ठीक आहे पण त्या पोरग्याचं म्हणणं खरंच आहे की. शेवटी लोकसभाच जिंकली. राज्यसभा म्हणजे निवडणुकीत पडलेल्यांची सोय, बंद करा आणि पैसे वाचवा.

वऱ्हाडी_ठेचा:
असं कसं, जीएसटी बघा. लोकसभेनं मे २०१५ मध्ये पास केलं आणि राज्यसभेत अडकलं. वर्षभराने, ऑगस्ट २०१६ मध्ये, एक टक्का जादा कराची तरतूद काढली तेव्हा राज्यसभेतून निघालं, आणि बदल झाला म्हणून परत लोकसभेत जाऊन तिला तो बदल मान्य करावा लागला. राज्यसभा नसती तर तो एक टक्का बसलाच असता.

कलमकसाई:
उदाहरण चांगलंय, पण तेही घटनादुरुस्तीच होती, म्हणून राज्यसभेचा वट चालला. साध्या विधेयकाला सरकार संयुक्त बैठकीचा रस्ता धरू शकतं, आणि पैशांच्या विधेयकाला तर राज्यसभेच्या हातात फक्त १४ दिवस, तिच्या सूचना लोकसभेनं घेतल्या तर घेतल्या. म्हणजे तो मुलगा साध्या विधेयकापुरता अर्धा बरोबर आहे. पण हा रस्ता आजवर तीनदाच वापरलाय, १९६१ ला हुंडाबंदी, १९७८ ला बँक सेवा आयोग, आणि २००२ ला हे. तिहेरी तलाकचं बघा, २०१७ ला लोकसभेनं पास केलेलं राज्यसभेत अडकलं, दुसऱ्या सभागृहात विधेयक सहा महिन्यांपेक्षा जास्त पडून राहिलं तरी संयुक्त बैठक बोलावता येते, पण इथे ती काही बोलावली नाही, अध्यादेश काढले, २०१९ ला लोकसभा संपली तेव्हा ते विधेयक गेलं, नवीन आणावं लागलं, मग राज्यसभेत ९९ विरुद्ध ८४ नं निघालं.

गल्लीतला_गंगाधर:
म्हणजे दीड वर्ष लोंबकळत ठेवलं. यालाच मी अडवणूक म्हणतो.

वऱ्हाडी_ठेचा:
आणि मी याला दोनदा विचार करायला लावणं म्हणतो.

तासिकावाली:
थांबा दोघं, हे असंच उद्या वर्गात होऊ देते, अर्धा वर्ग इकडे अर्धा तिकडे. फळ्यावर पोटा घेते आणि महिला आरक्षणाचा बाण सगळ्यांसमोर पुसते, चूक माझीच होती म्हणून. कलमकसाई, एक राहिलं, ते सहा महिने कुठून मोजायचे?

कलमकसाई:
दुसऱ्या सभागृहाला विधेयक मिळालं त्या दिवसापासून. फक्त अधिवेशन संपलेलं असेल किंवा सभागृह सलग चार दिवसांपेक्षा जास्त तहकूब असेल तर ते दिवस धरायचे नाहीत, म्हणून कॅलेंडरवरचे सहा महिने आणि हे सहा महिने जुळत नाहीत. तिहेरी तलाकच्या तारखांवर मुलांना हे करायला लावू नका, दिवस मोजता मोजता तास संपेल.

आईची_धावपळ:
मार्कांचं कोणी सांगितलंच नाही.