मदत हवी आहे : कॅसेटमधलेच ध्वनिमुद्रण ॲपवर कसे ओळखावे?

मी दुकानदार असून माझ्या जुन्या कॅसेटमधील गाणी एकेक करून स्ट्रीमिंग ॲपवर शोधत आहे. गाण्याचे, गायकाचे आणि अल्बमचे नाव घालून पाहिले, तरी एकाच गाण्याच्या अनेक प्रती येतात, आणि त्यांपैकी काही त्याच गायकाने नंतर पुन्हा गायलेल्या असतात. एक गाणे माझ्या टेपरेकॉर्डरवर ५ मिनिटे ४२ सेकंद चालते. ॲपवर ते ५:३१ आणि ४:१० असे दोनदा आहे. पहिल्या प्रतीतील सुरुवातीची बासरी तंतोतंत तीच वाटते, पण सूर किंचित चढा लागतो. माझा टेपरेकॉर्डर सुमारे तीन टक्के संथ फिरत असावा, अशी शंका आहे. त्याच कॅसेटवरील इतर गाण्यांतही याच प्रमाणात फरक आढळला, तर ही प्रत मूळचीच आहे असे मानावे, की आणखी काही तपासावे लागेल?