वर्गातला वाद: संचालक नक्की कोणाचे? भागधारकांचे की सगळ्यांचे?

मृण्मयी (विचारणारी): लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात वर्गात वाद आहे आणि आमच्या गटाकडे स्टेकहोल्डरची, म्हणजे कामगार, समाज अशा सगळ्या संबंधितांची बाजू आली आहे. सरांनी दिलेला काल्पनिक प्रसंग असा: भांडुपला एका कंपनीचा जुना कारखाना आहे, 180 कामगार, वर्षाला 6 कोटी नफा. जागेला बिल्डर 240 कोटी द्यायला तयार आहे. संचालकांनी कारखाना बंद करून पैसे ठेवीत टाकावेत, की 90 कोटी खर्चून कारखाना खोपोलीला हलवावा? आमची बाजू कायद्याने कितपत टिकेल?

शेअरमार्केट_दादर: टिकणार नाही, उगाच कष्ट घेऊ नका. 240 कोटींवर सात टक्के धरले तर वर्षाला 16.8 कोटी घरबसल्या मिळतात. कारखाना हलवला तर उरलेल्या 150 कोटींवर साडेदहा कोटी, आणि नव्या जागी बस्तान बसेपर्यंत नफा 4 कोटी धरा. एकूण साडेचौदा. म्हणजे दरवर्षी 2.3 कोटी मालकांच्या खिशातून गेले. 1919 मध्येच अमेरिकेत फोर्डच्या खटल्यात कोर्टाने सांगून टाकलं की कंपनी भागधारकांच्या फायद्यासाठी असते, धर्मादाय कामासाठी नाही. फोर्ड हरला. विषय संपला.

सीएस_गोखले: विषय तिथे संपत नाही. फोर्ड अर्धाच हरला, पण सांगताना सगळे अर्ध्यावरच थांबतात. खटला भरणाऱ्या डॉज बंधूंकडे दहा टक्के शेअर होते. कंपनीकडे पैसा पडून असताना फोर्डने जादा लाभांश थांबवला, मोटारींच्या किमती उतरवायचं आणि रूज नदीकाठी मोठा प्रकल्प उभारायचं ठरवलं. लाभांश वाटा, असा हुकूम झाला हे खरं, तो सुमारे 1.93 कोटी डॉलरचा होता. पण प्रकल्प थांबवायचा खालच्या कोर्टाचा आदेश वरच्या कोर्टाने उठवला. न्यायाधीश म्हणजे धंद्यातले जाणकार नव्हेत, असं कोर्टाने स्वतःच म्हटलं. फोर्डला त्याच्या साक्षीने बुडवलं. कंपनीने भरपूर कमावलंय, आता जास्तीत जास्त लोकांना फायदा पोचवायचाय, असा त्याचा सूर होता. ‘किंमत उतरवली की खप वाढेल आणि पुढे नफाही’ एवढंच बोलला असता तर त्याला अडवणं कठीण होतं.

मृण्मयी, तुमच्या प्रसंगातले 2.3 कोटी याच नजरेने बघा. सात टक्के व्याज कायम राहील हे कोणी लिहून दिलंय? तयार कामगार आणि जुने गिऱ्हाईक एकदा तुटले की पुन्हा जमवायला काय पडेल? हा हिशेब मांडून बोर्डाने खोपोली निवडली, तर भागधारक-पक्षाच्या कायद्यातही तो निर्णय सहज उभा राहतो.

आणि आपल्याकडे तर मजकूरच वेगळा आहे. कंपनी कायदा 2013, कलम 166(2): संचालकाने सर्व सभासदांच्या फायद्यासाठी कंपनीची उद्दिष्टं पुढे न्यावीत, आणि कंपनी, तिचे कर्मचारी, भागधारक, समाज यांच्या हितासाठी व पर्यावरणाच्या रक्षणासाठी वागावं. सगळे एका ओळीत, ‘आणि’ने जोडलेले. इंग्लंडच्या 2006 च्या कायद्यात कामगार वगैरेंचा फक्त विचार करायचा असतो, उद्दिष्ट सभासदांचा फायदा हेच राहतं.

शेअरमार्केट_दादर: बरं, फोर्डचं मान्य. पण एका ओळीत पाच जण बसवले म्हणजे संचालकाला मोकळं रानच. भागधारक ओरडले की कामगारांकडे बोट, कामगार ओरडले की पर्यावरणाकडे. 2.3 कोटी मोजता येतात, ‘समाजाचं हित’ कसं मोजणार?

सीएस_गोखले: हा तुमचा खरा मुद्दा आहे, आणि मृण्मयीच्या गटाला तो जड जाईल.

घणसोलीकर: कायद्याचं मला कळत नाही, अनुभव सांगतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत मी फिटर होतो. जागा विकायचं ठरलं तेव्हा घरी गुळगुळीत कागदावर पत्र आलं. त्यात आम्हाला ‘कंपनीचे मोलाचे भागीदार’ म्हटलं होतं आणि खाली व्हीआरएसचा फॉर्म टाचलेला. भागीदाराला कोणी विचारलं नाही. ग्रॅच्युइटीसाठी हेलपाटे घातले ते वेगळेच. आणि खोपोलीला हलवलं म्हणजे कामगारांचं भलं झालं असं धरू नका हो. भांडुपचा माणूस खोपोली लोकलने पावणेदोन-दोन तास जाणार, तीही चुकली की पुढची कधी? निम्मे आपणहून सोडतील.

मृण्मयी: काका, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण मग 166(2) मध्ये कर्मचारी आहेत, तर तुम्ही त्या कलमाखाली कंपन्यांच्या न्यायाधिकरणात, एनसीएलटीत जाऊ शकला असतात ना?

सीएस_गोखले: नाही, आणि समोरचा गट नेमकं इथेच पकडणार. कलम 241 खाली दडपशाहीची तक्रार सभासद, म्हणजे भागधारक करतो. कलम 245 चा सामूहिक दावा सभासद आणि ठेवीदार करतात. कर्मचारी दोन्हीकडे नाही. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 3 विरुद्ध 2 असं ठरवलं की कंपनी गुंडाळायच्या अर्जात कामगारांचं म्हणणं ऐकलं पाहिजे. पण तो ऐकून घेण्याचा हक्क आहे, अर्ज करण्याचा नव्हे.

एक वाट सरकारची. 241(2) प्रमाणे सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तर केंद्र सरकार अर्ज करू शकतं. 1 ऑक्टोबर 2018 ला एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने कर्जात बुडालेल्या आयएल अँड एफएस या वित्त कंपनीचं संचालक मंडळ बदललं ते याच वाटेने. पण तिथे पूर्ण वित्तबाजार हादरला होता. भांडुपच्या 180 जणांसाठी दिल्ली हलेल असं समजू नका. त्यांचा उपयोगाचा कायदा कामगार कायदाच: कारखाना बंद करण्याच्या अटी, नुकसानभरपाई, ग्रॅच्युइटी.

विलेपार्ले_वसंत: विषय भागधारकांचा निघालाच आहे तर विचारतो. माझ्याकडे एका कंपनीचे 40 शेअर आहेत, नफा असून दोन वर्षं डिव्हिडंड नाही. मीही फोर्डसारखी केस करू का?

सीएस_गोखले: वसंतराव, केस डॉज बंधूंनी केली होती, फोर्डवर. आपल्याकडे बोर्डाने शिफारस केल्याशिवाय लाभांश जाहीर होत नाही, आणि सभेत भागधारक तो आकडा वाढवूही शकत नाहीत. जाहीर होऊन मिळाला नसेल तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार करा.

अॅड_नेहा_ठाणे: गोखले सर, तुम्ही 166(2) फारच हलकं केलंत. दावा करायला दार नाही म्हणून कर्तव्य नाही असं होत नाही. माळढोक पक्ष्याच्या 2021 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचा मुद्दा मांडताना याच कलमाचा दाखला दिला. शिवाय कलम मोडलं तर एक ते पाच लाख दंड आहेच.

सीएस_गोखले: 240 कोटींच्या व्यवहारात पाच लाख म्हणजे चहापाणी. कलमाला खरी धार येते ती उलट बाजूने. बोर्डाने खोपोली निवडली आणि चिडलेला भागधारक एनसीएलटीत गेला, तर संचालकांना 166(2) पुढे करता येतं: कामगारांचं हित बघायला कायद्यानेच सांगितलंय. ढाल म्हणून ते चालतं. मृण्मयी, तुम्ही बोर्डाच्या बैठकीचा इतिवृत्तान्तच बनवून वर्गात वाचा. दोन्ही पर्यायांचे आकडे, किती कामगार खरंच खोपोलीला येतील याचा अंदाज, बसची सोय, आणि विरोध करणाऱ्या स्वतंत्र संचालकाचं मत नोंदवून. तो विरोध त्याला पुढे जबाबदारीतून वाचवतो. हा कागद नंतर जुळवलेला असला तर लगेच कळतं, सगळी कारणं ठरावाच्या बाजूने असतात आणि नाकारलेल्या पर्यायाचा आकडाच नसतो.

शेअरमार्केट_दादर: म्हणजे इतिवृत्तान्त नीट लिहिला की बोर्डाला काहीही करता येतं. मी समोरच्या गटात असतो तर हेच म्हटलं असतं.

अॅड_नेहा_ठाणे: आणि ‘विकून टाका’ म्हणणाऱ्या बोर्डालाही हेच लागू आहे. कारखाना म्हणजे पूर्ण उपक्रमच विकला जात असेल, तर कलम 180 खाली विशेष ठराव लागतो, पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश बाजूने हवीत. प्रवर्तकाकडे एवढी मतं आहेत का, हे सरांनी सांगितलंय का मृण्मयी?

मृण्मयी: नाही सांगितलं. उद्या विचारते. प्रवर्तकाकडे 55 टक्के निघाले तर?

अॅड_नेहा_ठाणे: तर बाकीच्यांना विकायचं नसेल तर तेही अडवू शकतात. तुमच्या गटाने आधी त्यांची मतं मोजावीत.

घणसोलीकर: आणि आमची?